नऊ सेंटिमीटरचा प्रश्न: जोड-फोटो करणाऱ्या फोटोग्राफरची कथा लिहिण्याची रीत

लहान गावातला फोटोग्राफर, परदेशात कामाला गेलेला माणूस, गावी राहिलेले त्याचे कुटुंब आणि या सर्वांना एका चौकटीत आणणारा जोडलेला फोटो, एवढे साहित्य हाती आले की बहुतेक लेखक पहिल्याच परिच्छेदात विरहाकडे वळतात आणि कथा तिथेच संपते, कारण विरह ही स्थिती आहे, घटना नव्हे. या लेखात तीच कथा वेगळ्या बाजूने उभी करून दाखवायची आहे. फोटोग्राफरला हे काम करताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांतला एक निवडायचा आणि संपूर्ण कथा त्या निर्णयावर तोलायची, अशी ही रीत आहे. उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातले खेड आणि कतारमधले दोहा ही दोन ठिकाणे घेतली आहेत. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण या भागातून आखाती देशांत कामाला जाण्याची रीत जुनी आहे आणि एस.टी. स्टँडाजवळच्या स्टुडिओचा बराचसा धंदा पासपोर्ट आकाराच्या फोटोंवर चालतो, त्यामुळे या कथेला तिथे मुद्दाम जागा करून द्यावी लागत नाही. पात्रे मात्र पूर्णपणे कल्पित आहेत.

आधी काम समजून घ्या

लिहायला बसण्यापूर्वी जोड-फोटो प्रत्यक्षात कसा होतो हे लेखकाला नीट ठाऊक हवे. ही माहिती कथेत सगळी येणार नाही, पण ती नसेल तर फोटोग्राफर कथेत केवळ संगणकासमोर बसून उसासे टाकील.

पहिली गोष्ट क्रमाची. अननुभवी माणूस आधी कुटुंबाचा फोटो काढतो आणि मग परगावच्या माणसाचा फोटो त्यात बसवायला जातो. जाणता फोटोग्राफर याच्या उलट करतो. दोह्यातला प्रकाश, भिंत आणि फोन धरणारा हात त्याच्या ताब्यात नसतो, तर स्टुडिओतली छत्री, दिवे, स्टूल आणि कॅमेऱ्याची उंची पूर्णपणे त्याच्या ताब्यात असते. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी मिळवायचे आणि जे बदलता येते ते त्याच्याशी जुळवून घ्यायचे. कथेच्या दृष्टीने हा क्रम फार उपयोगी आहे, कारण त्यामुळे कुटुंब स्टुडिओत येऊन उभे राहण्याआधीच गैरहजर माणूस त्या खोलीत आलेला असतो.

दुसरी गोष्ट अंतराची. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत चेहरा फोनपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे नाक मोठे दिसते आणि कान मागे सरकतात. कुटुंबाचा फोटो मात्र तीन मीटरवरून काढलेला असतो. असे दोन चेहरे शेजारी ठेवले की कापलेली कड कितीही स्वच्छ असली तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, आणि काय खटकते ते सांगता येत नाही. इथे दोष भिंगाचा नसतो. चेहऱ्याची प्रमाणे अंतरावर ठरतात. म्हणून दोन्ही फोटो सारख्याच अंतरावरून आणि सारख्याच उंचीवरून, म्हणजे साधारण छातीच्या पातळीवरून काढावे लागतात. फोन डोळ्यांसमोर धरून खाली झुकवला की माणसाचे पाय आखूड दिसतात आणि पुढे ते कोणत्याही युक्तीने खरे वाटत नाहीत.

तिसरी गोष्ट उजेडाची. कथेचा काळ आषाढ-श्रावणाचा घेतला, तर खेडमध्ये आभाळ भरलेले असते, उजेड सर्व बाजूंनी मऊ येतो आणि नाकाखाली सावली जवळपास पडतच नाही. त्याच दिवसांत दोह्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि हनुवटीखाली कडक रेघ उमटते. हे दोन उजेड एका चौकटीत नांदत नाहीत. कधी उजेड डावीकडून हवा असतो आणि फोटोत तो उजवीकडून आलेला असतो, तेव्हा फोटो आरशासारखा उलटा करण्याचा मोह होतो. पण तसे केले की सदऱ्याचा खिसा उजवीकडे जातो, भांग दुसऱ्या बाजूला पडतो, घड्याळ हात बदलते, आणि ही गोष्ट फोटोग्राफरच्या नजरेतून सुटली तरी बायकोच्या नजरेतून सुटत नाही.

चौथी गोष्ट पिक्सेलची, आणि तिच्यावर फार थांबण्याचे कारण नाही. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत आक्रसते. त्यात माणूस समजा १४०० पिक्सेल उंच असला आणि १२ बाय १८च्या प्रिंटमध्ये त्याला ११ इंच उंच दाखवायचा असला, तर इंचाला १३० पिक्सेलही मिळत नाहीत. स्टुडिओतून काढलेले कुटुंब मात्र इंचाला ३०० पिक्सेलचे असते, त्यामुळे शेजारचा माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसतो. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात पोहोचतो. अशी एक ओळ कथेत आली की फोटोग्राफर खरा वाटतो. तीन ओळी आल्या तर तो शिकवणीला बसल्यासारखा वाटतो.

एकच अडचण निवडा

वरच्या चारांपैकी कोणतीही अडचण कथेला पुरेशी आहे, पण त्या सर्व तांत्रिक आहेत आणि फोटोग्राफर त्या एकट्याने सोडवू शकतो. आपल्याला अशी अडचण हवी जी सोडवण्यासाठी त्याला घरच्यांना काही विचारावे लागेल, आणि विचारताच घरातले काहीतरी बाहेर येईल. ती अडचण म्हणजे उंची.

वेगवेगळ्या ठिकाणी काढलेली दोन माणसे शेजारी उभी करायची तर कोण कोणापेक्षा किती उंच हे कळल्याशिवाय काम पुढे जात नाही. फोटोवरून ते कळत नाही, पासपोर्टवर उंची लिहिलेली नसते, आणि लग्नाच्या अल्बमवर विश्वास ठेवता येत नाही, कारण अंतरपाटाच्या वेळी वधूवर पाटावर उभे असतात आणि नंतरच्या फोटोंत बहुतेकदा कोणीतरी बसलेले असते. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे विचारणे. मग बायको स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सांगते की माझे डोके ह्यांच्या हनुवटीखाली येते, आणि सासू सांगते की छे, हिचे डोके त्याच्या डोळ्यांपर्यंत येते.

इथे लेखकाने कागदावर हिशोब मांडावा. सून १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट उंच धरू. माणसाची हनुवटी डोक्याच्या माथ्यापासून साधारण २२ सेंटिमीटर खाली असते, म्हणून बायकोच्या सांगण्याप्रमाणे नवरा १७४ सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ इंच वर पाच फूट ठरतो. डोळे माथ्यापासून साधारण ११ सेंटिमीटर खाली असतात, म्हणून आईच्या सांगण्याप्रमाणे तो १६३ सेंटिमीटर ठरतो. प्रत्यक्ष टेपने मोजल्यावर तो १६५ निघतो असे आपण ठरवू. बायको आणि टेप यांच्यात ९ सेंटिमीटरचे अंतर पडले. प्रिंटमध्ये सून १० इंच उंच असेल तर हे अंतर अर्ध्या इंचाहून थोडे अधिक होते, आणि अर्धा इंच भिंतीवरच्या फोटोत रोज दिसतो.

आई आपल्या मुलाला जरा ठेंगणा आठवते आणि बायको जरा उंच आठवते, याचे स्पष्टीकरण कथेत कुठेही देऊ नये. वाचक ते स्वतः देतो आणि प्रत्येकाचे वेगळे असते.

अडचणीला दुसरी कडी जोडा

केवळ उंचीचा वाद असेल तर कथा गमतीदार होऊन संपेल. तिला वजन येण्यासाठी असे काहीतरी हवे की उंची वाढवली तर दुसरीकडे नुकसान होईल. त्यासाठी साडेचार वर्षांची मुलगी आणा. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. घरच्यांची मागणी अशी की मुलगी बापाच्या पुढ्यात उभी असावी आणि बापाचा हात तिच्या खांद्यावर असावा. पुढे मुलगी असल्याने बापाचे पाय बरेचसे झाकले जातात आणि जमिनीवरची सावली रंगवण्याचे कठीण काम कमी होते, म्हणून फोटोग्राफरलाही ही रचना सोयीची वाटते.

पण खांद्यावरचा हात नंतर लावता येत नाही, तो फोटो काढतानाच तसा ठेवलेला असावा लागतो, कारण वजन टाकलेला हात आणि हवेत धरलेला हात यांच्या मनगटात फरक असतो. म्हणून दोह्यातल्या माणसाने हात कशावर तरी टेकवला पाहिजे, आणि ती वस्तू मुलीच्या खांद्याएवढी उंच पाहिजे. प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ ८० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि या वयाच्या मुलीचा खांदाही तेवढ्याच उंचीवर येतो. एक-दोन सेंटिमीटर कमी पडले तर वर टॉवेलची घडी ठेवता येते. बांधकामावरच्या कामगाराजवळ टेप असतोच. नंतर खुर्ची पुसून तिच्या जागी मुलगी आणायची.

आता दोन्ही कड्या एकमेकींत अडकतात. बायकोच्या आठवणीप्रमाणे नवऱ्याला साडेपाच टक्क्यांनी मोठा केला, तर जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असलेला त्याचा हात साडेचौऱ्याऐंशीच्या जवळ जातो आणि मुलीच्या खांद्यापासून सुटतो. टेपने मोजलेली उंची ठेवली तर हात खांद्यावर बसतो, पण नवरा बायकोला हवा तेवढा उंच राहत नाही.

इथे जाणकार वाचक लगेच म्हणेल की फोटोशॉपमध्ये बाही ताणून हात खाली आणता येतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि लेखकाने ते कथेत मान्य करावे. ‘हे शक्यच नाही’ असे फोटोग्राफरच्या तोंडी घातले तर कथा खोटी पडेल. शिवाय त्याला ते जमते हे दाखवल्याने प्रश्न अधिक नेमका होतो, कारण मग अडचण साधनाची उरत नाही. हात एका माणसाने दूरदेशी, खुर्चीच्या पाठीवर, टेप लावून आपल्या मुलीच्या खांद्याएवढ्या उंचीवर ठेवलेला आहे, हे फक्त फोटोग्राफरने पाहिलेले असते.

त्याने एकट्याने का पाहिले, याला कारण हवे, आणि ते घड्याळ देते. दोह्यात सुट्टी शुक्रवारची असते. भिंतीच्या सावलीतला मऊ उजेड तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास मिळतो, आणि दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने तेव्हा खेडमध्ये साडेसात वाजलेले असतात. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. सुटल्यामुळे सून त्या वेळी स्टुडिओत थांबू शकत नाही. कथेतला एकांत असा वेळापत्रकातून आला तर लेखकाचा हात दिसत नाही.

प्रसंगांची मांडणी

दोन ते अडीच हजार शब्दांच्या कथेला पाच प्रसंग पुरतात. काळ २०२४चा घ्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, आणि गणपतीत घरी येऊ न शकणाऱ्या माणसाचा फोटो मखराशेजारी लागावा ही इच्छा कोकणात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. दोन वर्षांच्या करारातले काही महिने बाकी आहेत, रजा मिळालेली नाही, एवढे एका वाक्यात पुरे.

पहिला प्रसंग काउंटरवरचा. सासू आणि सून येतात, मागणी सांगतात, आणि नवऱ्याने पाठवलेला भर दुपारचा फोटो दाखवतात. फोटोग्राफर तो नाकारतो. सुरुवात याच नकारावर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाऊस, एस.टी. स्टँड आणि जगबुडी नदीचे चढलेले पाणी यांपासून सुरू होणाऱ्या कथा आपल्याकडे भरपूर झाल्या. पाणी हवेच असेल तर ते दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे आणि पात्रांनी त्यातून चालत यावे. नमुना असा:

> “हा चालणार नाही,” फोटोग्राफरने फोन परत सरकवला. “डोळे कुठं आहेत ह्यात?”
>
> सुनेने फोन जवळ धरून पाहिला. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग होते, कपाळ मात्र चमकत होते.
>
> “तिकडं ऊनच तसं असतं, काका.”
>
> “ऊन तिकडचं आणि तुम्ही इकडच्या. एका फोटोत दोन ऋतू दिसतील, ताई. शुक्रवारी सुट्टी असते ना त्यांना? मला नंबर द्या, मी बोलतो.”
>
> “माझ्यासमोर बोला की,” सासू म्हणाली. “भाऊ, तो माझं ऐकतो.”

या चार-पाच वाक्यांत उजेडाची अडचण आली, शुक्रवार आला, आणि त्या मुलावर कोणाचा हक्क आहे हा प्रश्नही न विचारता आला. संबोधनांकडे लक्ष द्यावे. सून आपल्याहून वयाने मोठ्या फोटोग्राफरला काका म्हणते, तो तिला ताई म्हणतो, आणि त्याच्याच वयाची सासू त्याला भाऊ म्हणते. सून नवऱ्याचे नाव घेत नाही, ‘हे’ म्हणते. ती नाव उच्चारते असा नाट्यमय क्षण निर्माण करण्याचा मोह टाळावा, तो फार वेळा वापरून झाला आहे.

दुसरा प्रसंग उंचीच्या प्रश्नाचा, आणि तो त्याच भेटीत, निघता निघता यावा. फोटोग्राफर वहीवर दोघींची उत्तरे लिहून घेतो, भांडण होत नाही, पण निघताना सासू एकदा आणि सून एकदा वहीकडे पाहते.

तिसरा प्रसंग शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलचा. या प्रसंगाला कथेचा जवळजवळ तिसरा हिस्सा द्यावा. इथे सूचना आणि कृती एवढेच असावे, भावना कोणी बोलून दाखवू नये. फोन खोलीतला जोडीदार धरतो. तीन मीटर अंतर टेपने मोजले जाते, फोन छातीशी धरला जातो, भिंतीची सावली पाहिली जाते.

> “आता हात खुर्चीवर टेकवा. जोर द्या थोडा. तसा नाही, बोटं सैल सोडा.”
>
> त्याने बोटे सैल सोडली. मग स्वतःच खाली वाकला, टेप जमिनीला लावला आणि खुर्चीच्या पाठीपर्यंत ओढला.
>
> “अठ्ठ्याहत्तर भरतंय, काका. तिचा खांदा किती म्हणालात?”
>
> “ऐंशी. परवा मोजला.”
>
> तो चौकटीबाहेर गेला. खुर्ची एकटीच उरली. परत आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेल होता. त्याची चौपदरी घडी करून त्याने पाठीवर ठेवली, पुन्हा टेप लावला, आणि घडीतला एक पदर कमी केला.

एक पदर कमी करण्याची ही कृती त्या माणसाबद्दल जे सांगते, ते आणखी परिच्छेदभर लिहूनही सांगता येणार नाही, म्हणून तिच्यानंतर लगेच पुढच्या सूचनेकडे जावे. याच कॉलमध्ये फोटोग्राफर त्याला भिंतीला टेकून उभे करून त्याची उंची मोजायला सांगतो. आकडा येतो: १६५. फोटोग्राफर तो वहीत दोन आकड्यांच्या खाली लिहितो.

चौथा प्रसंग कुटुंबाच्या फोटोचा, आणि तो लहान ठेवावा. स्टुडिओत तीन मीटर, कॅमेरा तितक्याच उंचीवर, छत्री दोह्यातल्या भिंतीच्या मोकळ्या बाजूशी जुळेल अशी वळवलेली. नवऱ्याच्या जागी दुकानातला पोऱ्या उभा केला जातो, म्हणजे मुलीच्या खांद्यावर खरा दाब पडतो, फ्रॉकला चुणी येते आणि जागा राखली जाते. नंतर पोऱ्या पुसला जातो, चुणी राहते. इथे फोटोग्राफर सुनेला बसण्याची सूचना करतो, कारण ती बसली तर उंचीचा प्रश्नच मिटतो आणि हा स्टुडिओतला जुना तोडगा आहे. ती नकार देते: “बसलेली नको, काका. शेजारी उभी करा.” या नकाराशिवाय कथा चौथ्या प्रसंगातच सुटली असती, म्हणून तो विसरू नये.

पाचवा प्रसंग दोन नमुन्यांचा. फोटोग्राफर ४ बाय ६च्या दोन प्रती काढतो. एकीत नवरा १६५चा आहे आणि हात जसा ठेवला होता तसा खांद्यावर आहे. दुसरीत तो १७४चा आहे आणि बाही ताणून हात खाली आणलेला आहे. दोन्ही प्रती काउंटरवर ठेवल्या जातात.

निवेदन कोणाचे आणि तंत्र किती

ही कथा फोटोग्राफरच्या जवळून, तृतीय पुरुषात आणि भूतकाळात सांगावी. प्रथम पुरुष निवडला तर तो स्वतःच्या संवेदनशीलतेविषयी बोलू लागतो आणि सहन होत नाही. सुनेच्या बाजूने सांगितली तर शुक्रवारचा कॉल हातचा जातो.

फोटोग्राफरचे वय पंचावन्नच्या पुढचे ठेवल्यास एक फायदा होतो. त्याने हेच काम संगणकाशिवाय केलेले असू शकते: छापील फोटोतला माणूस ब्लेडने कापायचा, कापलेली कड मागच्या बाजूने पॉलिशपेपरने घासून पातळ करायची, दुसऱ्या फोटोवर चिकटवायचा, जोडावर ब्रशने रंग भरायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. नाथद्वाऱ्यात भक्तांचे छापील चेहरे श्रीनाथजींच्या रंगवलेल्या चित्रात बसवण्याची प्रथा होती, तीही याच घराण्यातली. हा भूतकाळ कथेत तीन-चार वाक्यांपुरताच आणावा, आणि तोही हात चालू असताना, म्हणजे तो माउसने कड कापत असताना पूर्वी ब्लेड किती वेळा बदलावे लागे एवढे आठवण्यापुरता.

तांत्रिक शब्दांसाठी मी एक कसोटी वापरतो. शब्द पात्राच्या तोंडी किंवा हातात असेल तर ठेवावा, निवेदकाच्या तोंडी असेल तर काढावा. ‘कटिंग’, ‘बॅकग्राउंड’, ‘प्रिंट’, ‘लॅमिनेशन’ हे शब्द खेडमधला कोणताही ग्राहक वापरतो, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. लेयर, मास्क, फेदर हे शब्द मात्र फोटोग्राफर एकटा असतानाच यावेत आणि तेही एखाद्याच वेळी.

कोणत्या वाटा सोडाव्यात

दोन वाटा सारख्या समोर येतील. पहिली म्हणजे नवरा दोह्यात मरण पावणे आणि जोड-फोटो शेवटचा फोटो ठरणे. ती घेतली की उंचीचा प्रश्न, खुर्ची, टॉवेल, सगळे निरर्थक होते, कारण मृत्यूपुढे वाचक काहीही मोजत नाही. दुसरी वाट म्हणजे फोटो कुठल्यातरी सरकारी कागदासाठी पुरावा म्हणून वापरला जाणे. ती स्वतंत्र कथा आहे आणि तिच्यात फोटोग्राफर गुन्ह्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो. ती जरूर लिहावी, पण इथे मिसळू नये. या कथेत फार तर एवढेच यावे की काउंटरवरच्या पाटीवर ‘जोडलेला फोटो कागदपत्रांसाठी मिळणार नाही’ असे लिहिलेले आहे.

दोह्यातल्या कष्टांचे वर्णनही आवरावे. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करण्यास बंदी आहे, त्यामुळे पहाटेच पाळी सुरू होते. ही माहिती ‘इतर दिवशी सकाळचा उजेड का मिळत नाही’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून आली तर कथेत बसते. तिच्यावर भाष्य सुरू झाले की कथेचा लेख होतो.

शेवट

दोन नमुने काउंटरवर आहेत, आणि लेखकापुढे तीन शक्यता आहेत. फोटोग्राफर सगळी हकिकत सांगतो आणि सून हात टेकलेली प्रत घेते, हा शेवट सर्वांत सोपा आहे आणि सर्वांत कमजोर, कारण त्यात माहिती मिळताच मन बदलते, जसे प्रत्यक्षात फार क्वचित घडते. फोटोग्राफर काहीच सांगत नाही आणि स्वतःच १६५ची प्रत छापून देतो, हा शेवट त्याला नायक करतो आणि सुनेची फसवणूक करतो. मला तिसरा पटतो. तो फक्त एवढेच सांगतो की एका प्रतीतला हात जसा होता तसा आहे आणि दुसरीतला मी खाली आणला आहे. मग निर्णय घरच्यांचा.

> सून बराच वेळ दोन्ही प्रती आलटून पालटून पाहत राहिली. सासूने चष्मा पुसला, पण हात पुढे केला नाही.
>
> “ही मोठी करा,” सुनेने हात टेकलेल्या प्रतीवर बोट ठेवले. “बारा बाय अठरा. लॅमिनेशन नको, काचेची फ्रेम.”
>
> “आणि ही?”
>
> “ही ह्यांना पाठवा.” तिने दुसरी प्रत उलटी केली, मग पुन्हा सुलटी केली. “डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे बारीक होत नाही ना?”
>
> “नाही होत.”
>
> “उंची सांगू नका त्यांना.”
>
> फोटोग्राफरने पावती फाडली. अॅडव्हान्स दोनशे.

पावतीनंतर एकही वाक्य लिहू नये. सुनेला टेपचा आकडा कसा कळला हा प्रश्न इथे वाचकाला पडेल, आणि तो पडावा अशीच मांडणी आहे: वही काउंटरवरच उघडी असते, हे दुसऱ्या प्रसंगात एकदा नोंदवलेले असले की पुरते. ते तिथे नोंदवायचे राहिले असेल तर हा शेवट उडत येतो, म्हणून पुनर्लेखनात सर्वांत आधी ती नोंद आहे का ते पाहावे.

पुनर्लेखन

पहिला खर्डा झाल्यावर आकडे एका कागदावर उतरवून काढावेत आणि कथेशी ताडून पाहावेत: तीन उंच्या, खांद्याची उंची, खुर्चीची उंची, दोन्हीकडची वेळ, वार आणि तारखा. २०२४मध्ये ९ ऑगस्टला शुक्रवार होता आणि त्याच दिवशी नागपंचमी होती, म्हणून कॉल त्या दिवशी ठेवला तर स्टुडिओ उघडा का होता याचा विचार करावा लागेल. २ ऑगस्टचा शुक्रवार घेतला तर हा प्रश्न येत नाही आणि गणपतीपूर्वी फ्रेम करायला महिना मिळतो.

त्यानंतर हस्तलिखित एखाद्या स्टुडिओवाल्याला वाचायला द्यावे, आणि ‘कथा कशी वाटली’ असे न विचारता ‘यातले कोणते काम तू असे करणार नाहीस’ असे विचारावे. तो बहुधा पोऱ्याच्या हाताबद्दल बोलेल: पोऱ्या पुसला तरी त्याच्या हाताची सावली मुलीच्या गळ्याजवळ राहते आणि ती बापाच्या हाताशी जुळतेच असे नाही. तसे तो म्हणाला, तर चौथ्या प्रसंगात पोऱ्याचा हात बापाच्या हाताएवढा आहे का हे फोटोग्राफर आधी पाहतो, असे एक वाक्य घालावे. पोऱ्या सोळा वर्षांचा असेल तर हात लहान पडेल. अशा वेळी पोऱ्याऐवजी स्वतः फोटोग्राफरच त्या जागी उभा राहतो आणि पोऱ्याला बटण दाबायला सांगतो, असा बदल करता येतो, आणि माझ्या मते पहिल्या खर्ड्यापेक्षा तोच अधिक चांगला आहे.